सर्दी जाते, खोकला राहतो, आणि शिट्टी वाजत नाही म्हणून दमा नाही असं समजता?

प्रश्न: "वय ३७, घणसोलीत राहतो, सिगारेट नाही. गेली अडीच वर्षं प्रत्येक सर्दीनंतर सुका खोकला सुरू होतो तो पाच-सहा आठवडे हटत नाही, रात्री जास्त. एक्सरे नॉर्मल, स्पायरोमेट्री पण नॉर्मल. छातीत शिट्टी नाही, धाप नाही. तरी आता एक डॉक्टर म्हणतात कफ व्हेरियंट अस्थमा असू शकतो, पंप सुरू करा. दम लागत नसताना दमा कसा असेल?"

असू शकतो. आहेच असं मी इथून म्हणणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी हवेत बाण मारलेला नाही. ठाण्यात गेली एकवीस वर्षं छातीच्या आजारांची ओपीडी करतेय, पावसाळा संपता संपता आणि परत डिसेंबर-जानेवारीत असाच खोकला घेऊन येणाऱ्यांची रांग असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातातल्या फाइलमध्ये उत्तर आधीच लिहिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचलेलं नसतं. तेच कसं वाचायचं ते सांगते.

आधी नावाचा घोळ काढू. आपल्याकडे दमा म्हटलं की दम लागलेला, खांदे उचलून श्वास घेणारा माणूस डोळ्यासमोर येतो. पण मूळ भानगड आहे श्वासनलिकांना आतून आलेली सूज आणि त्यामुळे त्यांचा वाढलेला चिडखोरपणा. नळी चिडली की आकसते. जास्त आकसली तर हवा जाताना शिट्टी वाजते आणि धाप लागते. काही जणांमध्ये मात्र ती आकसते थोडीशीच, शिट्टी वाजण्याइतकी नाही, पण खोकल्याच्या नसा चाळवायला तेवढं पुरतं. १९७९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा सहा पेशंटची नोंद केली होती ज्यांना खोकला सोडून दम्याचं दुसरं एकही लक्षण नव्हतं, आणि दम्याच्या औषधाने तो खोकला गेला. तेव्हापासून कफ व्हेरियंट अस्थमा, म्हणजे खोकला हेच लक्षण असलेला दमा, ही ओळख पक्की झाली. शिट्टी नाही म्हणजे दमा नाही हे त्यामुळे खरं नाही.

पण उलटंही तितकंच खरं आहे आणि ते कोणी सांगत नाही. साध्या व्हायरल सर्दीनंतर कोणाच्याही नळ्या काही आठवडे चिडलेल्या राहतात. तीन ते आठ आठवडे खोकला राहून आपोआप जाणं हे अगदी नेहमीचं आहे, त्याला औषध लागतंच असं नाही. त्यामुळे एकाच वेळच्या खोकल्यावरून मी कफ व्हेरियंट अस्थमाचं लेबल कधीच लावत नाही. तुमच्या बाबतीत माझे कान टवकारले ते "प्रत्येक सर्दीनंतर" या शब्दांमुळे. एका पावसाळ्यात झालं तर व्हायरसचं काम, अडीच वर्षं दर सर्दीला त्याच क्रमाने होतंय तर त्या नळ्यांचा स्वभावच तसा आहे का हे बघायला पाहिजे.

आता खरी गंमत. असा खोकला कोणत्या औषधाने गेला हे पेशंटला जवळपास नेहमीच चुकीचं वाटत असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पाचव्या आठवड्यात नवीन डॉक्टर, नवीन गोळी, सहाव्या आठवड्यात खोकला गायब, श्रेय त्या गोळीला, जरी तो तसाही जाणार होता. आणि ज्या औषधाने खरंच काम केलं ते बिचारं चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत पडलेलं असतं.

कळव्याच्या एका शिक्षिका होत्या, वय ४१. दिवसभर वर्गात बोलायचं, त्यात हा खोकला, बोलता बोलता उबळ यायची आणि मुलं पाणी आणून द्यायची. तीन वर्षांत पाच वेळा झालेलं. मला म्हणाल्या, "मॅडम मला अॅझिथ्रोमायसिनच लागू पडतं, तेच लिहून द्या." मी पाचही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. अॅझिथ्रोमायसिन पाचही चिठ्ठ्यांवर होतं. पण पाचपैकी तीन वेळा खोकला पाच-सहा आठवडे चालला आणि दोनच वेळा आठवड्याभरात गेला. मग त्या दोन वेळेला वेगळं काय होतं? खाली एक छोटीशी ओळ, मिथाइलप्रेडनिसोलोन १६, पाच दिवस. स्टेरॉइड. आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याच आठवड्यात दिलेलं, म्हणजे खोकला आपोआप जायची वेळ अजून आलेली नव्हती. जे औषध पाचही वेळा होतं ते फरकाचं कारण असूच शकत नाही, हे तर त्या गणिताच्या बाई असल्यामुळे त्यांना लगेच पटलं.

मग त्यांना सिरपबद्दल विचारलं. "एका सिरपने दोन-तीन तास बरं वाटायचं, पण हात थरथरायचे." हा मला दुसरा धागा. आपल्याकडच्या बऱ्याच खोकल्याच्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं, आणि ही नळ्या उघडणारी औषधं आहेत, हात थरथरणं आणि छातीत धडधडणं त्यांच्याचमुळे होतं. साधं खोकला दाबणारं सिरप निरुपयोगी आणि हे थरथरवणारं सिरप थोडा वेळ का होईना उपयोगी, असं असेल तर नळ्या आकसत होत्या असा संशय येतो. पुरावा म्हणायला अजून वेळ आहे, पण संशय पक्का. तुम्हीही घरी पडलेल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं एकदा वाचा.

(कबुलीही देऊन टाकते. सुरुवातीच्या वर्षांत एका रिक्षावाल्या काकांना मी स्वतः तीनदा अँटिबायोटिक लिहून दिलं होतं, तिसऱ्या वेळी वरचं. काका चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाले, धुरात गेलो की येतो हो, बाकी वेळ नाही. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.)

तर विचारायचं काय? खोकला कधी आणि कशाने येतो ते. कफ व्हेरियंट अस्थमाचा खोकला बहुतेक सुका असतो, रात्री किंवा पहाटे झोपेतून उठवतो, आणि त्याला चिथावणारी कारणं असतात: जोरात हसणं, फोनवर लांबलचक बोलणं, गरम हवेतून थंडगार एसी ऑफिसात शिरणं, जिना पळत चढणं, उदबत्ती, धूप, परफ्यूम, भिंतीला आलेली बुरशी. फोडणीचा ठसका सगळ्यांनाच लागतो, त्यावरून काही ठरत नाही, पण बाकीचे फोडणीनंतर दोन मिनिटांत शांत होतात आणि तुम्ही अर्धा तास ढासत राहता, हा फरक बघायचा. लहानपणी बालदमा होता का, सकाळी शिंकांची माळ लागते का, अंगावर एक्झिमा, घरात कोणाला दमा, हे असेल तर पारडं अजून झुकतं. यातलं काहीच नसेल आणि खोकला फक्त जेवणानंतर किंवा आडवं झाल्यावर आंबट पाण्याबरोबर येत असेल, तर मी आधी ॲसिडिटीकडे बघेन.

आता तुमच्या नॉर्मल स्पायरोमेट्रीबद्दल. ती कधी केलेली? खोकला जोरात असताना की बरं वाटत असताना? हा आजार येऊन-जाऊन असतो, चांगल्या दिवशी फुंकलं तर रिपोर्ट चांगलाच येणार. त्यातून कफ व्हेरियंटमध्ये खोकला चालू असतानाही स्पायरोमेट्री बऱ्याचदा नॉर्मल येते. कळव्याच्या बाईंचं बघा, पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा २.३१ लिटर, मग साल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन पंधरा मिनिटांनी परत, तर २.४२. वाढ ११० मिली, साधारण ५ टक्के. दमा म्हणायला नेहमीच्या निकषाने १२ टक्के आणि २०० मिली दोन्ही लागतात. म्हणजे त्यांचा रिपोर्टही नॉर्मल. त्यावरून दमा सिद्ध झाला नाही एवढंच कळतं, दमा नाही हे कळत नाही, आणि इथेच बरेच पेशंट फाइल बंद करतात. एक साधी गोष्ट आणखी, टेस्टच्या सकाळी पंप घेऊन गेलात तर नळ्या आधीच उघडलेल्या, मग काय दिसणार, त्यामुळे कोणतं औषध किती तास आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच जा.

मला सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं सांगू? पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, आत सरकणारा काटा, मेडिकलमध्ये साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, औषधाच्या आधी, तीनदा फुंकायचं आणि तीनमधला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, दोन आठवडे. आणि हे खोकला चालू असतानाच करायचं. बाईंचा एक दिवस घ्या: सकाळी ३३०, संध्याकाळी ३९०. फरक ६०, दोन्हीची सरासरी ३६०, म्हणजे जवळपास १७ टक्के चढउतार. असं रोजचं काढून दोन आठवड्यांची सरासरी त्यांची १४ आली. मोठ्या माणसात १० च्या वर गेली की नळ्या दिवसभरात हलतायत असं म्हणतो. लॅबमध्ये दुपारी बारा वाजता काढलेल्या एका फोटोत जे दिसलं नाही ते पहाटेच्या आकड्यात दिसलं. अर्थात फुंकायची पद्धत रोज सारखी हवी, आज बसून उद्या उभं राहून केलंत तर आकडे तुमच्या मूडचे येतील.

याहून पुढच्या टेस्ट आहेत. श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजतात, ते ५० पीपीबीच्या वर असेल तर नळ्यांत इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची सूज असण्याची आणि स्टेरॉइड पंप लागू पडण्याची शक्यता चांगली, पण कमी आलं म्हणून दमा नाही असं होत नाही. दुसरी मेथाकोलिन चॅलेंज, त्यात नळ्यांना मुद्दाम थोडं थोडं चिथावून बघतात. ती निगेटिव्ह आली की सध्याच्या खोकल्याचं कारण दमा असण्याची शक्यता खूपच कमी होते, हाच तिचा खरा फायदा. पॉझिटिव्ह आली तर मात्र जपून, कारण नुकत्या झालेल्या सर्दीमुळेही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन्ही टेस्ट सगळीकडे होत नाहीत, मेथाकोलिन तर मोठ्या हॉस्पिटलातच, आणि माझ्या बहुतेक पेशंटना तिथपर्यंत जावं लागत नाही.

पंप सुरू करायच्या आधी काही गोष्टी हातावेगळ्या करायलाच हव्यात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आपल्याकडे टीबीची तपासणी, मग तुम्ही कितीही धडधाकट दिसा. बेडका पडत असेल तर सरकारी केंद्रात ती तपासणी फुकट होते. छातीचा एक्सरे तुमचा झालाय, पण तो अडीच वर्षांपूर्वीचा असेल तर तो रिपोर्ट नव्हे, आठवण आहे, नवीन काढा. बीपीच्या गोळीचं नाव बघा, एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी असेल तर तीच सुका खोकला करते, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. आणि सीबीसीमधला इओसिनोफिलचा आकडा. तो थोडा वाढलेला असेल तर ॲलर्जीच्या बाजूने जातो, पण ३००० च्या वर असेल आणि रात्रीचा खोकला असेल तर मी दम्याच्या आधी फायलेरियामुळे होणाऱ्या इओसिनोफिलियाचा विचार करते, त्याचं औषधच वेगळं, तीन आठवड्यांचा डीईसीचा कोर्स. दम्याचा शिक्का मारून पंपावर ठेवलेले असे पेशंट मी बघितलेत. थुंकीत रक्त, वजन उतरणं, संध्याकाळी कणकण, आवाज बसून राहणं, यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे.

हे निपटलं की औषध देऊन बघणं हीच शेवटची टेस्ट, आणि ती टेस्टसारखीच करायची. बाईंना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २०० चं रोटाकॅप, म्हणजे यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एकेक दिलं आणि बाकी सगळं बंद, सिरप नाही, अँटिबायोटिक नाही, ॲसिडिटीची गोळी पण नाही. चार गोष्टी एकदम सुरू केल्या की बरं वाटलं तरी कशाने ते कळत नाही आणि परत पहिल्यासारखी पाच चिठ्ठ्यांची भानगड. वहीत पीक फ्लोच्या बाजूला रोज रात्री खोकल्याला ० ते १० मार्क द्यायचे. नवव्या दिवशी रात्रीची झोप लागली, दिवसाचा खोकला जायला पाचवा आठवडा उजाडला. हे मुद्दाम सांगतेय कारण चौथ्या दिवशी "मॅडम काही फरक नाही" म्हणून पंप सोडणारे खूप. नळ्या उघडणारं औषध लवकर काम करतं, सूज उतरायला वेळ लागतो, पूर्ण जायला कधी कधी आठ आठवडे.

तुमच्या डॉक्टरांनी पंप दिला तर त्यांच्यासमोर एकदा घेऊन दाखवा, हे लाजण्यासारखं नाही. रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे पेशंट मला दरवर्षी एक-दोन भेटतात, त्यांचा काही दोष नाही, कॅप्सूल दिसते म्हणून गिळतात. पावडरच्या यंत्रात आधी बाहेर श्वास सोडायचा, यंत्रात नाही, यंत्रात फुंकलं तर पावडर ओली होते, मग तोंडात धरून एकदम जोरात आणि खोल ओढायचं, दहा सेकंद धरायचं. स्प्रेचा पंप असेल तर उलट, हळू ओढायचं, आणि स्पेसर लावला तर खूपच सोपं. नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं आणि आवाज बसतो. आणि सवय लागेल ही भीती असेल तर सांगते, यात स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये आहे, त्या पाच दिवसांच्या १६ च्या गोळ्यांपेक्षा शरीरात जाणारं प्रमाण फारच कमी.

पद्धत बरोबर असून आठ आठवड्यांत काहीच फरक नाही तर? तर डोस वाढवत बसायचं नाही, निदान चुकलंय का ते बघायचं. नाकामागून घशात उतरणारं पाणी, ॲसिडिटी, किंवा घशाच्या नसाच हळव्या झाल्यात असं काही असू शकतं. अजून एक गुंता, इओसिनोफिलिक ब्राँकायटिस नावाचा भाऊबंद आहे, त्यात नळ्या आकसत नाहीत, मेथाकोलिन निगेटिव्ह येतं, पण स्टेरॉइड पंपाने खोकला जातो. म्हणजे पंप लागू पडला एवढ्यावरून दमाच होता असंही शंभर टक्के म्हणता येत नाही. उपचार बराचसा तोच, म्हणून पेशंटला त्याचा फार फरक पडत नाही, पण पीक फ्लोची वही असली की मला ते वेगळं करता येतं.

आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात पंप सुरू करून बरं वाटलं तर मी श्रेय राखूनच देते, वर म्हटलं तसं तो आपोआपही गेला असता. खरा निकाल पुढच्या सर्दीला लागतो. बाईंचे आकडे सकाळी ३९०, संध्याकाळी ४०० असे जुळून आले, तीन महिने पंप चालवला, मग हळूहळू कमी करून बंद केला आणि वही चालूच ठेवायला सांगितली. गणपतीत घरी पाहुणे, त्यातून सर्दी झाली, चौथ्या दिवशी पहाटे उबळ आणि आकडा ३४०. त्याच दिवशी फोन करून पंप परत सुरू केला. दहा-बारा दिवसांत आटोपलं, पूर्वी हेच दिवाळीपर्यंत चाललं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या फाइलवर "शक्यता" हा शब्द खोडला.

तुमचं तसंच निघेल का ते मला इथून कळणार नाही. पण एवढं धरून चला की यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे काही वर्षांत शिट्टी-धापवाला नेहमीचा दमा होतो असं दिसलंय, म्हणून निदान पक्कं झालं तर पंप कधी बंद करायचा हे स्वतः ठरवू नका. सध्या खोकला चालू असेल तर आजच मीटर आणा आणि पंप सुरू करायच्या आधी जेवढे दिवस मिळतील तेवढे आकडे लिहून घ्या, कारण पंप एकदा चालू झाला की मूळचे आकडे परत मिळत नाहीत. खोकला नसेल तर जुन्या चिठ्ठ्या तारखेने लावा, प्रत्येकीवर खोकला किती आठवडे चालला ते पेन्सिलने लिहा आणि स्टेरॉइडच्या ओळीखाली रेघ मारा. डॉक्टरांकडे जाताना खोकल्याच्या सिरपची रिकामी बाटली सुद्धा घेऊन जा.